साताऱ्यातलं घरगुती जर्मन

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने घराचं दार विझवलं. तिच्या वहीत तसं लिहिलेलं होतं: 'इश् हाबं डी ट्यूर आउसगेमाख्ट.' तिला म्हणायचं होतं, 'मी दार बंद केलं.' मराठीत आपण दार बंद करतो, दिवा बंद करतो, गॅस, पंखा, नळ, सगळं बंदच करतो. जर्मन माणसाचं तसं नाही. दिवा, पंखा, गॅस यांसाठी त्याच्याकडे 'आउसमाखन' आहे, दाराखिडक्यांसाठी 'त्सूमाखन' आणि नळ पिळायचा असेल तर 'त्सूड्रेयन'. जे चालू असतं ते एका क्रियापदाने थांबतं, जे उघडं असतं ते दुसऱ्याने मिटतं. हा फरक भाचीला कुठल्या पुस्तकाने सांगितला नव्हता. दार विझवल्यावरच तो तिला कळला.

भाची साताऱ्यात एका रुग्णालयात नर्स आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून पुण्यामुंबईबाहेरही जर्मन शिकणाऱ्यांच्या संख्येत भर पडली आहे आणि त्यात नर्सेस बऱ्याच आहेत. नर्स म्हणून तिथे मान्यता हवी असेल तर साधारणपणे बी-2 पातळीची भाषा लागते. म्हणजे रुग्णाशी, डॉक्टरांशी आणि नातेवाइकांशी, तयारी न करता, बऱ्यापैकी सरळ बोलता यायला हवं. भाची आठवड्यातून तीन संध्याकाळी ऑनलाइन वर्गाला बसते. उरलेला सगळा वेळ ती साताऱ्यात असते, आणि साताऱ्यात तिच्याशी जर्मनमध्ये कुणी एक शब्दही बोलत नाही. मी पुण्यात काही वर्षं जर्मनचे वर्ग घेतले, त्यामुळे दर रविवारी रात्री तिच्या वहीचे फोटो माझ्या फोनवर येऊन पडतात. वर्गाबाहेरचे तिचे तास भाषेने कसे भरायचे, एवढाच आमचा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून तीन गोष्टी केल्या: फोन जर्मन केला, स्वतःशी बोलायला सुरुवात केली आणि रोजनिशी धरली. या तिन्ही गोष्टी सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण त्या एकमेकींना जोडल्या नाहीत तर तिन्ही वाया जातात, आणि हे आम्हाला जरा उशिरा समजलं.

भाषेत 'बुडवून' शिकवण्याच्या पद्धतीला इमर्शन म्हणतात. 1965 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधून चालणारा बालवर्ग सुरू करून घेतला, तिथून या शाळा पसरल्या. भाषेचे क्लास लावणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. त्याचा पुढचा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने अशा शाळांतल्या मुलांकडे बारकाईने पाहिलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ती मुलं समजण्यात उत्तम तयार झाली होती, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणात अडखळतच होती. 1985 मध्ये तिने मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही. स्वतः वाक्य तयार करायला लागलं की आपल्याला नेमकं काय येत नाही ते दिसतं, आणि तिथून शिकणं पुढे सरकतं. शाळेत दिवसभर फ्रेंच कानांवर पडणाऱ्या मुलांची ही कथा असेल, तर साताऱ्यात नुसता फोन जर्मन करून काय होणार?

तरी सुरुवात फोनपासून केली, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. आयफोनवर भाषा बदलायची जागा जर्मनमध्ये `Einstellungen → Allgemein → Sprache & Region` अशी दिसते. भाचीचा फोन सॅमसंगचा, तिथे `Allgemeine Verwaltung → Sprache`. बऱ्याच इतर अँड्रॉइड फोनवर `System` च्या आत `Sprachen` असतं. बदलण्याआधी परतीचा हा रस्ता कागदावर लिहून ठेवावा. हे गंमत म्हणून सांगत नाही. पहिल्याच रात्री माझ्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, टॉर्च लावायला तो फोन हातात घेतला आणि `Taschenlampe` हे अक्षरांचं रांगोळं बघून तसाच खाली ठेवला. टाशन म्हणजे खिसा आणि लांपं म्हणजे दिवा, खिशातला दिवा, हे तिला समजावल्यावर ती म्हणाली, "मग नुसतं दिव्याचं चित्र बघून दाबते ना मी." आमच्या सगळ्या प्रयोगाचं मर्म ती त्या एका वाक्यात सांगून गेली होती. आम्हाला ते कळायला तीन आठवडे लागले.

आणखी एक काळजी घ्यावी. पैशांची अ‍ॅप्स आपल्या जुन्याच भाषेत ठेवावीत. अँड्रॉइड 13 पासून आणि आयफोनवर त्याही आधीपासून एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, मात्र अ‍ॅपमध्ये ती सोय हवी. जर्मन पद्धतीत टिंब आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल झालेली असते. `1.500` म्हणजे दीड हजार, आणि दीड लिहायचं तर `1,5`. असे आकडे डोळ्यांखालून जाणं भाचीसाठी मोलाचं आहे, कारण जर्मनीत ताप 38,3 असा लिहितात आणि 'अख्टउंटड्रायसिश कोमा ड्राय' असा, मधला स्वल्पविराम उच्चारून, सांगतात. आपल्याकडचा 101 फॅरनहाइट तो हाच. पण हा सराव हवामानाच्या अ‍ॅपवर करावा. पैसे पाठवताना करू नये.

पहिल्या आठवड्यात भाची खूश होती. सकाळी गजर वाजला की पडद्यावर `Schlummern`, वॉर्डात शिरताना `Nicht stören`, कुणी मेसेज पुसला की `Diese Nachricht wurde gelöscht.` गाडीवरून जाताना नकाशातली बाई जर्मनमध्ये उजवीकडे वळायला सांगायची आणि राजवाड्याला 'रायवाडा' म्हणायची, कारण जर्मनमध्ये जे या अक्षराचा उच्चार य होतो. दुसऱ्या आठवड्यात भाची म्हणाली, आता काही अडत नाही. मला शंका आली. मी फोनवर रोज दिसणारे दहा शब्द कागदावर लिहून तिला फोटो पाठवला. त्यात चित्रं नव्हती, रंग नव्हते, नेहमीच्या जागाही नव्हत्या. दहांतले चार तिला आले. `Abbrechen` हा शब्द ती दिवसातून वीस वेळा दाबत होती, पण ती दाबत होती डावीकडचं बटण. तिचं बोट जागा ओळखत होतं, आणि डोळे शब्द वाचतच नव्हते.

फोनच्या भाषेची ही पहिली मर्यादा. ती चार-पाच दिवसच भाषा असते, मग पुन्हा नकाशा होते. दुसरी मर्यादा अशी की बटणांवर बहुतेक क्रियापदं मूळ रूपात असतात: पुसणे, थांबवणे, जतन करणे. कोण, केव्हा, काय, हे तिथे नसतं. म्हणून फोनवरच्या ज्या थोड्या जागी पूर्ण वाक्यं येतात त्या आम्ही धरल्या. दुसऱ्याने मेसेज पुसला तर 'हा मेसेज पुसला गेला' असं कर्मणी वाक्य येतं. आपण पुसला तर `Du hast diese Nachricht gelöscht.` म्हणजे 'तू हा मेसेज पुसलास.' एकाच घटनेची ही दोन व्याकरणं रोज समोर येतात, आणि क्रियापद दोन्हीकडे तेच. आम्ही ठरवलं की आठवड्याला फोनमधले फक्त तीनच शब्द उचलायचे, ते पडद्यावरून काढून तोंडात आणायचे आणि घरातल्या वस्तूंवर वापरून बघायचे.

पहिला शब्द `Löschen`. फोटो काढून टाकताना दिसणारा. शब्दकोश उघडला तर तो फोनपेक्षा कितीतरी जुना निघाला. आग विझवणे म्हणजे ल्योशन, तहान भागवणे म्हणजेही ल्योशन. भाचीच्या वॉर्डाच्या भिंतीवर लाल नळकांडं टांगलेलं असतं, त्याचं जर्मन नाव फॉयरल्योशर. तिला हा शब्द इतका आवडला की त्या रात्री ती स्वैपाकघरात म्हणाली, 'इश् हाबं डास गास गेल्योश्ट.' मी गॅस पुसला, किंवा गॅसची आग विझवली, काहीही समजा. रविवारी मी दुरुस्त केलं की शेगडीचा गॅस बंद करायला 'आउसमाखन'. पुढच्या आठवड्यात तिने ते क्रियापद मनापासून पाठ केलं आणि दारालाही लावलं. सुरुवातीला सांगितलेलं विझलेलं दार ते हे. एक चूक दुरुस्त झाली की तिच्या शेजारची चूक उघडी पडते. पण त्यासाठी तोंडातून वाक्य निघावं लागतं, आणि ते कुणीतरी पाहावंही लागतं.

तोंडातून वाक्य काढायचं म्हणजे स्वतःशी बोलायचं. लहान मुलं खेळताना मोठ्याने स्वतःला सूचना देतात, आणि रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की याचं म्हणणं होतं की हेच बोलणं पुढे आत वळतं आणि विचाराचं साधन बनतं. 1934 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघालेल्या त्याच्या पुस्तकात याचं सविस्तर विवेचन आहे. मोठेपणी दुसरी भाषा शिकताना आपण तीच वाट पुन्हा तुडवतो. फरक एवढाच की मुलाला लाज वाटत नाही आणि आपल्याला सासू ऐकेल अशी भीती असते.

भाचीने वेळ निवडली सकाळच्या चहाची. निवड चांगली होती, कारण चहाला सात-आठ मिनिटं लागतात, हात गुंतलेले असतात, कृतींचा क्रम ठरलेला असतो आणि तो रोज तोच असतो. पहिल्या दिवशी ती काय बोलली ते तिने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. 'पाणी. मी पाणी घेते. मी... पाणी... भांडं.' पुढे शांतता. 'ओतणे'ला शब्द नव्हता. 'ठेवणे'ला होता, पण जर्मनमध्ये उभं ठेवणं वेगळं आणि आडवं ठेवणं वेगळं. भांडं उभं राहतं म्हणून 'श्टेलन', चमचा आडवा पडतो म्हणून 'लेगन'. एका चहात अशी अकरा भोकं निघाली. ती अकरा भोकं म्हणजे तिच्या शब्दसंग्रहाचा खरा नकाशा. कुठल्याही पुस्तकाच्या धड्यात ती याच क्रमाने आली नसती.

चहात लिंगांचाही छान घोळ आहे. जर्मनला मराठीसारखीच तीन लिंगं असल्यामुळे मराठी माणसाला ती कल्पना नवी नसते. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी 'टेबल पुरुष कसं?' विचारत बसतो, आपण तसं विचारत नाही. पण आपला धोका वेगळा, आपलं लिंग तिकडे नेण्याचा. तो चहा, 'डेर टे', जुळलं. ते पाणी, 'डास वासर', तेही जुळलं. इथवर आपल्याला वाटतं की जमलं. ती साखर मात्र तिकडे पुरुष आहे, 'डेर त्सुकर', आणि ते दूध बाई, 'डी मिल्श'. भाचीने सलग दहा दिवस 'डास मिल्श' म्हटलं. स्वतःशी बोलताना कुणी टोकत नाही, हीच तिथली अडचण. चूक रोज सकाळी ठासून पाठ होते. लॅरी सेलिंकर या अभ्यासकाने 1972 मध्ये अशा गोठून बसलेल्या चुकांना जीवाश्म होण्याची उपमा दिली होती. म्हणून आम्ही एक साधा नियम केला: चहा करताना जे नाम तीनदा आलं त्याचं लिंग त्याच संध्याकाळी शब्दकोशात पाहायचं आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. साखरेच्या डब्यावर अजून 'डेर' आहे. घरी येणारे पाहुणे त्यावर काय विचार करतात देव जाणे.

दुसऱ्या महिन्यापासून बोलण्याची पातळी वाढवली. आधी फक्त 'आत्ता काय करते', मग 'पुढे काय करणार' आणि शेवटी 'का'. या शेवटच्या पायरीवर 'वाइल' येतं, म्हणजे कारण. 'वाइल' नंतर जर्मन क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी जातं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे दमछाक होते. मराठीत क्रियापद शेवटीच बसतं, त्यामुळे इथे मराठीच्या वळणाने गेलं तर बरोबर येतं. 'कारण मी दमलेली आहे' आणि 'वाइल इश् म्युडं बिन', दोन्हीकडे 'आहे' शेवटी. भाची मात्र इंग्रजी माध्यमातली, ती सुरुवातीला मनात इंग्रजी वाक्य जुळवून मगच जर्मनमध्ये यायची आणि 'आहे'ला मध्येच बसवायची. मी तिला म्हटलं, मधल्या स्टेशनवर उतरू नकोस. आकड्यांतही तेच. 72 ला जर्मनमध्ये 'दोन आणि सत्तर' म्हणतात, 'त्स्वायउंटझिब्त्सिश', आणि आपलं बहात्तर तसंच आहे, बा आधी आणि हत्तर नंतर. नाडीचे ठोके सांगताना हा केवढा आधार! पण त्यासाठी बहात्तर यावं लागतं. भाचीला 'सेव्हंटी-टू' यायचं. तेव्हा जर्मन शिकता शिकता तिने मराठी उजळणीही केली, आणि या गोष्टीचा तिच्या आजीला जर्मनीपेक्षा जास्त आनंद झाला.

काही गोष्टी स्वतःशी बोलून सुटत नाहीत, उच्चार त्यांतली पहिली. आपल्या कानाला आपला उच्चार बरोबरच वाटतो. यावर एक उपाय फोनमध्येच निघाला. कीबोर्डला जर्मन भाषा जोडायची, माइकचं बटण दाबायचं, बोलायचं आणि काय उमटतं ते बघायचं. `drucken` म्हणजे छापणे आणि `drücken` म्हणजे दाबणे. दुसऱ्यातला स्वर मराठीत नाही. 'ई' म्हणायच्या तयारीत जीभ ठेवून ओठांचा 'ऊ'सारखा चंबू केला की तो येतो. भाचीने 'बटण दाबा' म्हटलं की पडद्यावर 'बटण छापा' उमटायचं. आठवडाभर उमटत राहिलं. हा परीक्षक कठोर आहे, पण पूर्ण विश्वासाचा नाही, कारण वाक्याच्या संदर्भावरून तो कधी कधी आपली चूक सांभाळून घेतो. म्हणून सुटा शब्दही बोलून बघावा.

आता वही. रोजनिशी लिहा असं सगळे सांगतात, आणि शिकणारे लिहितातही: 'मी सहा वाजता उठले. मी चहा प्यायले. मी कामावर गेले.' तिसऱ्या दिवसापासून फक्त तारीख बदलते. भाचीच्या वहीची पहिली बारा पानं अशीच आहेत. तेव्हा आम्ही दिवस लिहिणं सोडलं आणि एकच प्रसंग लिहायचं ठरवलं, पाच ते सात वाक्यांत, हाताने, डाव्या पानावर. हाताने अशासाठी की जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं आणि फोनचा कीबोर्ड ते बहुतेक वेळा आपोआप मोठं करून देतो, शब्दही दुरुस्त करतो. कागदावर अशी मदत मिळत नाही, त्यामुळे चूक दिसते.

जो शब्द अडेल तिथे थांबायचं नाही. मराठी शब्द देवनागरीतच लिहायचा, खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. वाक्याचा ओघ महत्त्वाचा. पण एका पानावर तीनपेक्षा जास्त रेघा झाल्या तर प्रसंग आपल्या ताकदीबाहेरचा आहे असं समजून सोपा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी रेघा भरायच्या आणि ते शब्द चहाच्या वेळी तोंडातून काढायचे. रविवारी मी उजव्या पानासाठी दुरुस्त्या सांगते. तिथे ती सगळं पुन्हा लिहीत नाही, फक्त चुकलेली वाक्यं लिहिते. आठ दिवसांनी डावं-उजवं दोन्ही झाकून तोच प्रसंग आठवणीने पुन्हा लिहायचा. या शेवटच्या पायरीचा तिला कंटाळा येतो, आणि खरा फायदा नेमका तिच्यातच आहे. दुरुस्ती वाचून मान डोलावणं सोपं असतं. आठ दिवसांनी तीच चूक पुन्हा झाली की कळतं, मान उगाच डोलली होती.

या वहीतून भूतकाळाची एक गंमत हाती लागली. जर्मन बोलीतला भूतकाळ दोन मदतनीस क्रियापदांवर चालतो, 'हाबन' आणि 'झाइन'. भाचीने स्वतःच नियम काढला: मराठीत जिथे 'मी केलं, मी खाल्लं, मी लिहिलं' असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं तिथे 'हाबन', आणि जिथे 'मी गेले, आले, पडले, उठले' असं कर्त्याप्रमाणे तिथे 'झाइन'. मी तीन आठवडे ही कल्पना चालू दिली, कारण ती बऱ्याच अंशी चालते. मग एका पानावर 'मी झोपले' आणि 'मी हसले' आले आणि दोन्ही चुकले. जर्मनमध्ये झोपणं आणि हसणं 'हाबन' घेतात. 'झाइन' मुख्यतः जागा किंवा स्थिती बदलते तिथे येतं: जाणं, येणं, पडणं, जागं होणं. झोपून राहण्यात काही बदलत नाही. झोप लागते तेव्हा बदलतं, आणि त्या क्रियापदाला पुन्हा 'झाइन'. एवढं बारीक सांगितल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तू हे आधीच का नाही सांगितलंस?" आधी सांगितलं असतं तर तिने ते उतरवून घेतलं असतं आणि विसरली असती.

सुधारणा होते आहे की नाही हे कसं ओळखायचं? पानावरच्या रेघा मोजून पुरत नाही, कारण माणूस धीट झाला की अवघड प्रसंग घेतो आणि रेघा वाढतात. मी रेघेखालचे शब्द बघते. पहिल्या महिन्यात तिथे 'ओतणे', 'पुसणे', 'चादर' होते. चौथ्या महिन्यात 'निदान', 'उगाच', 'एकदाचं' असे शब्द आले. वस्तूंची नावं संपली होती आणि आता तिला बोलण्याचा सूर हवा होता. 'एकदाचा गेला ताप' यातल्या 'एकदाचा'ला जर्मनमध्ये 'एंटलिश' बऱ्यापैकी जवळ जातो. 'फोडणी'ला मात्र काहीच जवळ जात नाही. तेल तापवते, मोहरी टाकते, ती तडतडते, असं तीन वाक्यांत सांगावं लागतं. ते जमलं तेव्हा मला वाटलं, ही मुलगी वॉर्डात अडकणार नाही. शब्द नसताना वळसा घालून पोचता येणं ही नर्सची रोजची गरज असते.

या सगळ्यात एक मोठी उणीव राहते. स्वतःशी बोलताना माणूस 'मी' आणि फार तर 'तू' म्हणतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपही तिला 'तू'च म्हणतो. रुग्णाला मात्र 'झी' म्हणावं लागतं, आपल्या 'अहो, आपण'सारखं, आणि क्रियापदही बदलतं. म्हणून घरी परतताना गाडीवर, हेल्मेटच्या आत, भाची दिवसातला एक खरा संवाद जर्मनमध्ये पुन्हा करते, दोन्ही बाजूंनी. दुखतंय का? कधीपासून? रात्री झोप लागली का? काकांची उत्तरं तीच देते, आणि काका जर्मनमध्ये तिच्याइतकेच चुकतात. खरे जर्मन काका मधेच विषय बदलतील, शब्द गिळतील. तो अनुभव वर्गातच किंवा बोलायला माणूस मिळाल्यावरच येणार. घड्याळाचंही तसंच. 'हाल्ब ड्राय' ऐकून तिला 'साडेतीन' वाटायचं, कारण हाल्ब म्हणजे अर्धा आणि ड्राय म्हणजे तीन. पण जर्मन माणूस पुढच्या तासाचा अर्धा मोजतो, त्याचे अडीच वाजलेले असतात. औषधाची वेळ एका तासाने चुकवायला एवढं पुरेसं आहे. ती जिथे जाणार त्या बाडेन-वुर्टेम्बर्गच्या स्वाबियन भागात तर पावणेतीनला 'ड्रायफिअर्टल ड्राय' म्हणतात, म्हणजे तीनमधला पाऊण, थेट आपलं पावणेतीनच. फोनच्या घड्याळात मात्र `14:45` एवढंच दिसतं.

परवाच्या रविवारी आलेल्या पानावर एकही रेघ नव्हती. प्रसंग सकाळचा होता. ती चहा करताना गॅसजवळ उभी राहून 'वाइल'ची वाक्यं जुळवत होती, आणि शेवटचं वाक्य होतं: 'डी मिल्श इस्ट ऊबरगेकोख्ट, वाइल इश् मिट मिअर झेल्ब्स्ट गेरेडेट हाबं.' दूध उतू गेलं, कारण मी स्वतःशी बोलत होते. 'डी' बरोबर, 'इस्ट' बरोबर, 'हाबं' शेवटी. मी दुरुस्तीसाठी काही शोधत होते, तेवढ्यात खाली बहिणीच्या हस्ताक्षरात मराठीत एक ओळ दिसली: 'अर्धा लिटर गेलं. हिला सांग, जर्मनीत दूध महाग असतं.'